चष्मा काढायचा नाही, हनुवटी दोन बोटं खाली!

कॉलेजच्या फेस्टमधला फोटो असो, प्लेसमेंटच्या रेझ्युमेवरचा असो की मैत्रिणीने हौसेने काढलेला पोर्ट्रेट असो, चष्मेवाल्यांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘चष्मा काढ ना जरा, चमकतोय.’ बिचारा काढतो. मग नाकावर पॅडचे दोन लाल ठसे दिसतात, वजा पाचचा नंबर असल्यामुळे समोरचं धूसर दिसतं म्हणून डोळे बारीक होतात आणि फोटोत येतो तो भलताच कुणीतरी. ज्याला अख्खं कॉलेज चष्म्यात ओळखतं, त्याचा चष्म्याशिवायचा फोटो हा त्याचा फोटोच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि गंमत म्हणजे चष्मा काढायची गरजही नसते. काचेवरची चकाकी कुठून येते हे शोधता येतं, आणि एकदा सापडली की तिला बाहेरचा रस्ता दाखवायला फार तर पाच मिनिटं लागतात.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘माझी काच अँटी-ग्लेअर आहे, तरी कशी चमकते?’ साध्या प्लास्टिकच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. काचेला पुढचा आणि मागचा असे दोन पृष्ठभाग असतात, म्हणजे मिळून ८ टक्के. मोठ्या नंबरासाठी पातळ काच घेतली असेल तर त्याहून जास्त. चांगलं कोटिंग हा आकडा १ टक्क्याच्या आसपास आणतं आणि उरलेल्या प्रकाशाला हिरवट किंवा जांभळट छटा देतं. पण खिडकीतून दिसणारं आकाश चेहऱ्याच्या कित्येक पट उजळ असतं. त्याचे ८ टक्के म्हणजे डोळ्याला झाकून टाकायला पुरेसा प्रकाश, आणि १ टक्का म्हणजे बुबुळावर हिरवा ढग. ब्लू-कट काचांचं तर कामच निळा प्रकाश परतवणं, त्यामुळे त्या फोटोत निळ्या चमकतात. कोटिंगमुळे काम सोपं होतं, पण आपोआप होत नाही.

काच नाही, आरसा

डोक्यात एकच गोष्ट पक्की करायची: फोटो काढताना चष्म्याची काच हा आरसा आहे. शाळेत शिकलेला नियम इथे तसाच लागू होतो. किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. कॅमेऱ्याच्या जागेवरून या आरशात खोलीचा एक ठरावीक तुकडा दिसतो. त्या तुकड्यात उजेडाची वस्तू असेल तर चकाकी, नसेल तर काच स्वच्छ. फोटोग्राफर मंडळी या तुकड्याला ‘फॅमिली ऑफ अँगल्स’ म्हणतात. आपण ‘धोक्याचा तुकडा’ म्हणू.

हा तुकडा नेमका कुठे असतो? बहुतेकांना वाटतं, सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने. तसं नसतं. तुमचा चष्मा बाजूने बघा. काच उभी सरळ नसते, तिची खालची कड गालाकडे किंचित वळलेली असते. चष्मा बसवणारे मुद्दामच तो साधारण ८ ते १० अंश असा कलता ठेवतात. म्हणजे काचेचं तोंड मुळातच थोडं जमिनीकडे असतं. आता मान सरळ, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि काच ८ अंश खाली कललेली असेल, तर काचेत १६ अंश खालचं दिसतं. कॅमेरा दोन मीटर दूर असेल तर १६ अंश खाली म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळजवळ ५५ सेंटिमीटर खाली. तिथे काय असतं? फोटो काढणाऱ्याचा शर्ट! पांढरा कुर्ता घालून मित्राचा फोटो काढला आणि काचेच्या मधोमध फिकट पांढरा डाग आला, तर तो तुमचाच कुर्ता असण्याची दाट शक्यता आहे. पोर्ट्रेट काढायला जाताना काळा टी-शर्ट घालणं हा स्टाइलचा नाही, कामाचा भाग आहे.

८ अंशांचे १६ कसे झाले, हे लक्षात आलं का? आरसा जेवढा फिरतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब फिरतं. याच दुप्पटीवर पुढचं सगळं उभं आहे. दिवा १० अंश सरकवला तर चकाकीला १० अंशांचा फरक पडतो, कॅमेरा १० अंश वर नेला तरी १० अंशांचाच. पण मान १० अंश वाकवली तर २० अंशांचा. आणि १० अंश म्हणजे किती? हात पूर्ण लांब करून मूठ धरा, डोळ्यापासून त्या मुठीची रुंदी साधारण १० अंशांत बसते. वर्गात कोनमापक शोधत बसण्यापेक्षा मुठीने मोजा.

काचेचा बाक हाही एक मुद्दा आहे. तिचा पुढचा भाग बाहेर फुगलेला असतो, पण किती ते नंबरावर ठरतं. वजा नंबर मोठा असेल तर पुढची बाजू बऱ्यापैकी सपाट असते. अशा काचेत खोलीचा तुकडा लहान दिसतो, म्हणून ती चुकवायला सोपी. मात्र एकदा उजेड सापडला की अख्खी काच पांढरी होते, डोळा गायबच. अधिक नंबराच्या किंवा बिननंबराच्या फुगीर काचेत तुकडा बराच मोठा दिसतो, त्यामुळे चकाकी पूर्ण जाणं कठीण. पण ती लहान ठिपक्यासारखी असते, कडेला ढकलली तरी भागतं. म्हणून एका मित्रासाठी चाललेली युक्ती दुसऱ्याला जशीच्या तशी चालत नाही.

चकाकीचा आकार वाचा

काहीही हलवण्याआधी काचेतली चकाकी नीट बघा. ती स्वतःच सांगते की ती कोण आहे. चौकटींचा आयत असेल तर खिडकी. लांब पट्टी असेल तर ट्यूबलाइट. दोन डोळ्यांवर दोन पांढऱ्या बांगड्या असतील तर रिंग लाइट, हे सांगायलाच नको. काचेच्या खालच्या कडेला मऊ पांढरं असेल तर टेबल, पांढरी फरशी, मांडीवरची वही किंवा लॅपटॉपचा स्क्रीन. कधी कधी त्याच दिव्याचं आणखी एक फिकट प्रतिबिंबही दिसतं. ते काचेच्या मागच्या, आतून खोलगट बाजूवरून येतं. त्याच्या मागे लागू नका. मूळ दिवा तुकड्याबाहेर गेला की बहुतेक वेळा तेही जातं.

हे बघायचं मात्र फोनच्या लेन्सच्या जागेवरून, एक डोळा मिटून. बाजूला उभ्या असलेल्या मित्राने ‘अजून चमकतंय’ सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही. त्याच्या जागेवरून आरशात दुसराच तुकडा दिसतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. प्लेसमेंटसाठी मैत्रिणीचा फोटो हवाय. रिकामा वर्ग, एका बाजूला सव्वा मीटरभर रुंदीची खिडकी, वर चार ट्यूबलाइट. तिचा नंबर वजा पाच, म्हणजे काच सपाटाकडे झुकणारी.

पहिलं काम, सगळ्या ट्यूब बंद. दिवसा खिडकीचा एकच उजेड पुरतो आणि शत्रूही एकच राहतो. तिला खिडकीपासून दीड मीटरवर बसवा. तुम्ही दोन मीटर मागे जा आणि फोनवर दुप्पट झूम घ्या. जवळ जाऊन साध्या वाइड लेन्सने काढलं तर नाक मोठं येतं आणि तुमचा शर्ट काचेत जास्त जागा खातो.

समजा तुम्ही अशा जागी उभे आहात की तिच्या दृष्टीने खिडकी कॅमेऱ्यापासून ४५ अंश डावीकडे आहे, म्हणजे साडेचार मुठी. दीड मीटरवरून ही खिडकी साधारण २३ ते ६७ अंशांपर्यंत पसरलेली दिसते. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत असेल तर तिच्या सपाट काचेत मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ११ अंशांचा तुकडा दिसतो. खिडकी त्याच्या बाहेर, काच स्वच्छ. पण सरळ चेहरा पासपोर्टसारखा दिसतो, म्हणून तुम्ही म्हणता, ‘जरा खिडकीकडे वळ.’ ती १५ अंश वळते. आरसा १५ फिरला, म्हणजे तुकडा ३० अंश सरकला आणि थेट खिडकीवर जाऊन बसला. दोन्ही काचा पांढऱ्याफेक. बहुतेक घरगुती पोर्ट्रेट इथेच बिघडतात, कारण उजेडाकडे चेहरा वळवणं हे सगळ्यांना सहज सुचतं.

इथून दोन वाटा आहेत. एक, तिला उलट, खिडकीपासून १० अंश दूर वळवा. तुकडा २० अंश दुसऱ्या बाजूला जातो आणि काच लगेच साफ होते. मात्र यात चेहऱ्याची कॅमेऱ्याकडची रुंद बाजू उजळते आणि चेहरा थोडा भरलेला दिसतो. बारीक चेहऱ्याला हे छान, गोल चेहऱ्याच्या माणसाला कदाचित आवडणार नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते. तिची खुर्ची तिथेच ठेवा, तुम्ही फोन घेऊन खिडकीपासून लांब सरका. इतके, की खिडकी तिच्या अगदी बाजूला, कॅमेऱ्यापासून ७० अंशांवर यावी. आता खिडकी ४८ अंशांपासून पुढे सुरू होते. ती तुमच्या दिशेपासून पुन्हा १५ अंश खिडकीकडे वळली की काचेतला तुकडा १९ ते ४१ अंशांत राहतो. खिडकी बाहेर! चेहरा उजेडाकडे, काच साफ, आणि नाकाच्या अलीकडच्या बाजूला येते ती सुंदर सावली.

तरीही खिडकीकडच्या काचेच्या बाहेरच्या कडेला एक पांढरी फट राहिलेली दिसेल. कारण फ्रेम चेहऱ्याभोवती किंचित वळलेली असते, दोन्ही काचा एकाच दिशेला बघत नाहीत. ‘एक डोळा साफ, एक चमकतोय’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच. तिला मान दोन-तीन अंश परत आणायला सांगा किंवा खिडकीचा तुमच्याकडचा पडदा वीतभर ओढा. फट जाते.

उरली गालावरची दाट सावली. ती उचलायला पांढरा चार्ट पेपर लागेल आणि इथे त्याची जागा महत्त्वाची. इन्स्टावरच्या टिप्समध्ये तो मांडीवर धरतात. चष्मेवाल्यांसाठी ते वाईट, कारण काचेचं तोंड मुळात खाली आहे, मांडीवरचा पांढरा कागद बरोबर तुकड्यात येतो. त्याऐवजी खिडकीच्या विरुद्ध बाजूला, चेहऱ्याच्या उंचीवर धरा. काच खिडकीच्या बाजूला वळलेली असल्यामुळे तिकडचा कागद तिला दिसतच नाही.

कॅमेरा वर, नजर वर, हनुवटी तिथेच

आतापर्यंत आडवं झालं, आता उभं. खोलीत वरचे दिवे बंद करता येत नसतील, लायब्ररी किंवा ऑडिटोरियममध्ये नसतातच, तर कॅमेऱ्याची उंची कामाला येते. मांडीवरून, खालून वर असा फोन धरला तर काचेत नेमकं वरचं छत दिसतं. ट्यूबलाइटच्या पट्ट्या चष्म्यात येण्याचं हे सर्वांत मोठं कारण. फोन डोळ्यांच्या उंचीवर आणला तरी निम्म्या पट्ट्या जातात. आणखी वीसेक सेंटिमीटर वर नेला तर काचेत जमीन आणि पाय दिसू लागतात, आणि ते सहसा काळपट असतात.

फक्त एक गोम आहे. कॅमेरा वर गेला की समोरचा माणूस मान वर करतो, अगदी नकळत. तुम्ही कॅमेऱ्याने कमावलेले ६ अंश त्याने मान ६ अंश वर करून १२ अंशांनी उलटे केले. म्हणजे आधीपेक्षाही वाईट. म्हणून सांगायचं, ‘फक्त डोळ्यांनी वर बघ, हनुवटी हलवू नकोस.’

मानेचं काम सगळ्यात शेवटी, कारण ती सगळ्यात जोरदार आहे आणि तिची हद्द सगळ्यात जवळ. हनुवटी दोन बोटं खाली, एवढंच. थेट खाली केली तर दुहेरी हनुवटी येते, म्हणून आधी कासवासारखी मान पुढे काढायची आणि मग कपाळ कॅमेऱ्याकडे झुकवायचं. सांगताना हसू येतं, करणाऱ्याला वेडगळ वाटतं, पण समोरून ते अजिबात दिसत नाही. फार झालं हे कसं ओळखायचं? फ्रेमची वरची दांडी बुबुळाला शिवायला लागली किंवा बुबुळाच्या खाली पांढरं दिसायला लागलं, की एक बोट मागे या.

मान हलवायचीच नसेल तर चष्मा हलवा. कानावर टेकलेल्या काड्या एक सेंटिमीटर वर उचलल्या तर काच नाकावर टेकून जवळपास ६ अंश आणखी खाली झुकते, म्हणजे चकाकी १२ अंश सरकते. केस कानावर असतील तर कुणाला कळतही नाही. काडीखाली टिशूची छोटी घडी ठेवली की हात मोकळे. बाजूने काढलेल्या फोटोत मात्र हे लगेच उघडं पडतं, शिवाय सेंटिमीटरपेक्षा जास्त उचललं की चष्मा घसरल्यासारखा दिसतो.

ही काडीची युक्ती फॉर्मसाठीच्या फोटोत सोन्यासारखी आहे. तिथे मान वाकवता येत नाही, चेहरा सरळच लागतो आणि डोळे स्पष्ट दिसावे लागतात. मग उरतो तो दिवा. स्टुडिओत तो उंच, बाजूला आणि थोडा मागे घ्यायला सांगा. पण त्याआधी फॉर्मवरच्या सूचना वाचा, कारण सगळीकडे चष्मा चालतोच असं नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत तर १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालतच नाही, तिथे ही सगळी मेहनत वाया.

दिवा वर चढवतानाही थांबायचं कुठे हे बघा. तो हळूहळू वर नेला की चकाकी काचेत वर सरकते आणि फ्रेमच्या वरच्या कडेतून निघून जाते. ती गेली त्या क्षणी थांबा. त्याहून वर नेलात तर फ्रेमची सावली डोळ्यांवर पडते, खोबणी काळ्या होतात आणि बुबुळातला तो छोटा जिवंत ठिपका, ज्यामुळे डोळे बोलके वाटतात, तोही विझतो. काचेवरची चकाकी घालवायची आहे, बुबुळातला ठिपका नाही; घाईत दोन्ही एकदम जातात. रिंग लाइटलाही हाच न्याय. तो फोनभोवती लावायची वस्तू असली तरी चष्मेवाल्यासाठी फोन रिंगमधून काढा, रिंग वेगळ्या स्टँडवर डोक्याच्या वर आणि एका बाजूला न्या. बांगड्या गायब.

जाता जाता पोलराइझिंग फिल्टरबद्दल, कारण फोटोग्राफी क्लबमध्ये कुणीतरी तो सुचवतोच. पाण्यावरची किंवा दुकानाच्या काचेवरची चमक तो छान मारतो, पण तीही तिरक्या कोनात, पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास. पोर्ट्रेटमध्ये आपण चष्म्याकडे बऱ्यापैकी समोरून बघतो, तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही.

बाहेर, मोकळ्या मैदानात, अख्खं आकाश हाच दिवा असतो. तिथे दिशा बदलून फार फरक पडत नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात, छताच्या कडेपासून दोन पावलं आत उभं करा आणि तुम्ही त्याच्या समोर न राहता व्हरांड्याच्या लांबीच्या दिशेने उभे राहा, म्हणजे उजेड बाजूने येईल आणि काचेत दिसेल ती व्हरांड्याची अंधारी लांबी.

आणि तरीही एखादी फ्रेम हट्टीच निघाली, मोठी, फुगीर, गॉगलसारखी, तर फोन ट्रायपॉडवर ठेवून दोन फोटो घ्या, एक चष्म्यासह आणि लगेच दुसरा चष्मा काढून, मान जराही न हलवता. दुसऱ्यातले डोळे पहिल्यात बसवता येतात. हे फोटो काढतानाच करायला हवं, कारण काच पूर्ण पांढरी झाली असेल तर तिच्यामागे डोळ्याची काही माहितीच उरलेली नसते आणि एडिटिंगच्या कुठल्याही स्लायडरने ती परत येत नाही. म्हणून मैत्रीण खुर्चीवरून उठायच्या आधी फोटो उघडा, आधी डाव्या डोळ्यावर आणि मग उजव्या डोळ्यावर पूर्ण झूम करा. छोट्या स्क्रीनवर दोन्ही साफच दिसतात.